झोपेची औषधे : ग्राहीक्रिया व अवलंबित्व

चेतापेशींना शांत करणारे मेंदूतील मुख्य रसायन म्हणजे गाबा. ते गाबा-ए ग्राहीवर बसले की क्लोराइडची वाट उघडते आणि पेशी मंदावते. डायझेपाम, अल्प्राझोलाम ही बेंझोडायझेपिने याच ग्राहीवर शेजारच्या जागी बसून ती वाट वरचेवर उघडायला लावतात. ग्राहीतील अल्फा उपघटकाचे अनेक प्रकार आहेत. १९९९ मध्ये उंदरांच्या अल्फा-१ मधील एकच अमिनो आम्ल बदलून डायझेपाम दिले, तेव्हा त्यांची गुंगी गेली. भीती मात्र पूर्वीसारखीच कमी झाली.

झोल्पिडेमची रचना वेगळी असली, तरी ते बेंझोडायझेपिनांच्याच जागेवर आणि मुख्यतः अल्फा-१ वर काम करते. म्हणून त्याने झोप येते, पण नेहमीच्या मात्रेत चिंता फारशी उतरत नाही. रक्तातील त्याचे प्रमाण सुमारे अडीच तासांत निम्मे होते. स्त्रियांच्या शरीरातून ते सावकाश बाहेर पडते आणि सकाळी गाडी चालवताना धोका राहतो, म्हणून अमेरिकेत २०१३ मध्ये त्यांच्यासाठी साध्या गोळीची मात्रा १० ऐवजी ५ मिलिग्रॅम ठरवण्यात आली.

ही निवडक क्रिया म्हणजे सुरक्षितता, असा समज चुकीचा आहे. मेंदूच्या आनंदकेंद्रात डोपामिन पेशींना आवरून धरणाऱ्या पेशींवर अल्फा-१ च असतो. औषधाने या पेशी मंदावल्या की डोपामिन मोकळे सुटते. व्यसनाचा एक दरवाजा असा इथेच उघडतो. मात्रा वाढत गेली की निवडकपणाही ओसरतो. समजा, कोणी कित्येक महिने रोज गोळी घेत आहे आणि एका रात्री ती बंद करतो. पहिल्या एक-दोन रात्री झोप पूर्वीपेक्षा वाईट लागते. पुष्कळांना मूळचा निद्रानाशच परतल्यासारखे वाटते आणि ते पुन्हा गोळी घेतात. हा बंद केल्याचा परिणाम असेल, तर तो सहसा काही दिवसांत ओसरतो. फार मोठ्या मात्रा घेणाऱ्यांना मात्र एकाएकी थांबल्यास आकडी येऊ शकते; त्यांची मात्रा डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने उतरवावी लागते. भारतात झोल्पिडेम आणि अल्प्राझोलाम दोन्ही अनुसूची एच-१ मध्ये आहेत, ते योग्यच आहे.

रॅमेल्टिऑन गाबाला हातच लावत नाही. ते मेंदूतील जैविक घड्याळाजवळच्या मेलॅटोनिन ग्राहींना, एमटी-१ व एमटी-२ यांना, चेतवते. सवय लागत नाही. पण झोप जेमतेम थोडी लवकर लागते, मध्यरात्री जाग येणाऱ्याला फारसा उपयोग नाही.

डायफेनहायड्रामिनसारखी जुनी ॲलर्जीची औषधे जागे ठेवणाऱ्या हिस्टामिनचा एच-१ ग्राही अडवतात. रोज घेतल्यास त्यांची गुंगी काही दिवसांतच बोथट होते. बेंझोडायझेपिनांसारखे अवलंबित्व त्यांत क्वचित आढळते, पण ती ॲसिटिलकोलिनही अडवत असल्याने तोंड कोरडे पडते. प्रोस्टेट वाढलेल्या वृद्धाची लघवी अडू शकते आणि रात्री भ्रमही होऊ शकतो.