दुहेरी तळण (काराआगे)

दुहेरी तळण : कोंबडीचे तुकडे आधी मध्यम तापलेल्या तेलात शिजवून आणि थोडा वेळ निथळत ठेवून, मग कडक तापलेल्या तेलात पुन्हा तळण्याची रीत. जपानमध्ये काराआगे या पदार्थासाठी ती सर्रास वापरतात. क्यूशू बेटावरील ओइता प्रांतातले नाकात्सु हे शहर काराआगेसाठी प्रसिद्ध आहे.

पूर्वतयारी : मांडीचे ५०० ग्रॅम बोनलेस मांस घेऊन त्याचे साधारण ३५ ग्रॅमचे तुकडे करतात. सोया सॉस, साके, किसलेले आले व लसूण लावून ते अर्धा तास मुरवतात. मग ओल निथळून तुकडे बटाट्याच्या स्टार्चमध्ये घोळवतात. स्टार्च नसल्यास कॉर्नफ्लोअर चालते.

पहिली फेरी : तेल १६०° से. तापवून तुकडे सुमारे ३ मिनिटे तळतात. थर्मामीटर नसेल, तर पिठाचा थेंब टाकून पाहतात. या तापमानाला तो तळाशी जाऊन सावकाश वर येतो. मांस आतून शिजू लागावे आणि आवरण घट्ट व्हावे, एवढाच या फेरीचा हेतू असल्याने तुकडे फिकटच राहतात. ते काढून जाळीवर ४ मिनिटे ठेवतात. एवढ्या वेळात बाहेरची उष्णता आत पोहोचून मांस शिजत राहते आणि आतली ओल आवरणात येऊन ते मऊ पडते.

दुसरी फेरी : तेल १९०° से.पर्यंत वाढवतात. आता पिठाचा थेंब बुडत नाही, पृष्ठभागावरच पसरतो. तुकडे १ ते दीड मिनिट तळले, की आवरणात आलेल्या ओलीची वाफ झपाट्याने निघून जाते आणि ते सोनेरी, कुरकुरीत होते. मांस मात्र एवढ्या थोड्या वेळात कोरडे पडत नाही. बुडबुडे बारीक होऊन चरचर मंदावली आणि झाऱ्यावर तुकडा हलका लागला, की तो काढतात.

दोष व मर्यादा : कढईत एकदम जास्त तुकडे सोडल्यास तेल निवते व आवरण तेल पिते, म्हणून तुकडे थोडे थोडे तळतात. पहिल्याच फेरीत तेल कडक असले, तर सोया सॉसमुळे बाहेरचा भाग लवकर काळवंडतो, पण आत मांस कच्चे राहते. तळलेले तुकडे एकावर एक रचल्यास त्यांच्याच वाफेने मऊ पडतात. हाडासकट मोठ्या तुकड्यांना वरील वेळ पुरत नाही. तंगडीला पहिल्या फेरीत १० ते १२ मिनिटे लागतात. तुकड्याच्या मध्यभागी ७५° से. तापमान किमान एक मिनिट टिकले, म्हणजे मांस खाण्यास सुरक्षित झाले असे मानतात. दुसरी फेरी काही तासांनी करायची असल्यास पहिल्याच फेरीत मांस पूर्ण शिजवून, लवकर निववून फ्रीजमध्ये ठेवतात. अर्धकच्चे तुकडे साठवून ठेवणे धोक्याचे असते.