भागीदाराचा प्रवेश (ख्याती व पुनर्मूल्यांकन)

भागीदाराचा प्रवेश : चालू पेढीत नव्या व्यक्तीस भागीदार म्हणून घेणे, आणि त्या प्रसंगी जुन्या व नव्या भागीदारांच्या हक्कांचा हिशेब मिटवून पेढीच्या वह्या नव्या करारास अनुरूप करणे. प्रवेशाची तारीख ही पेढीच्या आयुष्यातील एक सीमारेषा होय. तिच्या अलीकडे जे मिळविले वा गमावले ते जुन्या भागीदारांचे, आणि पलीकडे जे मिळेल वा जाईल ते सर्वांचे, या एकाच तत्त्वातून पुढील सर्व नोंदी निघतात.

कायदा : भारतात हा विषय १९३२ च्या भारतीय भागीदारी अधिनियमाखाली येतो, तत्पूर्वी तो १८७२ च्या करार अधिनियमाचा एक भाग होता. कलम ३१ अन्वये, करारात अन्यथा ठरलेले नसल्यास, सर्व विद्यमान भागीदारांच्या संमतीवाचून कोणासही भागीदार करून घेता येत नाही. आणि नवा भागीदार आपल्या प्रवेशापूर्वीच्या कृत्यांबद्दल पेढीच्या धनकोंस केवळ भागीदार झाल्यामुळे जबाबदार ठरत नाही. कलम १४ प्रमाणे ख्याती ही पेढीच्या मालमत्तेत अंतर्भूत आहे.

पुनर्मूल्यांकन : वह्यांत मालमत्ता बहुधा खरेदीच्या किमतीस, अथवा तीतून घसारा वजा करून, मांडलेली असते, त्यामुळे वीस वर्षांपूर्वी घेतलेली इमारत कागदावर स्वस्त आणि पडून राहिलेला मालसाठा कागदावर महाग दिसणे हे नित्याचे आहे. ही तफावत प्रवेशापूर्वीच्या काळात निर्माण झालेली असल्याने पुनर्मूल्यांकन खाते (यासच नफा-तोटा समायोजन खाते म्हणतात) उघडून मालमत्तेतील घट व देण्यांतील वाढ नावे आणि मालमत्तेतील वाढ व देण्यांतील घट जमा करतात, आणि उरलेली बाकी जुन्या भागीदारांच्या भांडवल खात्यांवर जुन्या प्रमाणात नेतात. राखीव निधी व साचलेला तोटा यांसही हाच नियम लागू होतो.

ख्याती : ख्यातीची एकमान्य व्याख्या नाही. लॉर्ड एल्डन यांनी १८१० साली ‘क्रटवेल विरुद्ध लाय’ या खटल्यात जुनी गिऱ्हाइके जुन्याच जागी येत राहण्याची संभाव्यता असा तिचा अर्थ केला. हिशेबाच्या दृष्टीने, भविष्यात अपेक्षित असलेल्या नफ्याची आज ठरविलेली किंमत, एवढा अर्थ पुरेसा होतो. ती ठरविण्याच्या रूढ रीती तीन. सरासरी नफ्याची ठरावीक पट. गुंतलेल्या भांडवलावर त्या धंद्यात रास्त समजल्या जाणाऱ्या परताव्याहून जो अधिक नफा होतो त्याची पट. आणि सरासरी नफ्याचे त्याच रास्त दराने भांडवलीकरण करून त्यातून गुंतलेले भांडवल वजा करणे. तिन्ही रीतींची उत्तरे क्वचितच जुळतात : सरासरी नफा ५०,००० रुपये, गुंतलेले भांडवल ३,००,००० रुपये व रास्त दर शेकडा १० असता पहिल्या रीतीने दुपटीचा हिशेब १,००,००० रुपये, दुसरीने तिपटीचा ६०,००० रुपये आणि तिसरीने २,००,००० रुपये येतो. म्हणून रीत व पट या दोन्ही गोष्टी करारनाम्यातच लिहून ठेवणे हिताचे ठरते.

ख्यातीची रक्कम जुन्या प्रमाणात वाटावयाची नसते, तर त्यागाच्या प्रमाणात वाटावयाची असते; कारण नवा भागीदार जे विकत घेतो तो भावी नफ्याचा हिस्सा असून, तो ज्याने जेवढा सोडला त्यास तेवढे मोल मिळाले पाहिजे. जुन्या हिश्श्यातून नवा हिस्सा वजा केला म्हणजे त्याग निघतो.

उदाहरण : अ व ब हे ३:२ या प्रमाणात नफा वाटून घेत. त्यांची भांडवले अनुक्रमे १,६०,००० व १,१०,००० रुपये, राखीव निधी ३०,००० व धनको ६०,००० रुपयांचे. समोर इमारत १,५०,०००, यंत्रसामग्री ५०,०००, मालसाठा ६०,०००, ऋणको ८०,००० आणि रोकड २०,००० रुपये. क यास घेऊन नवे प्रमाण ५:३:२ ठरले. त्याने भांडवल म्हणून ८०,००० रुपये, आणि वरील १,००,००० रुपयांच्या ख्यातीतील आपल्या पंचमांशाबद्दल २०,००० रुपये रोख आणावयाचे होते.

इमारतीची किंमत १,९०,००० रुपये ठरली, म्हणजे ४०,००० रुपयांची वाढ झाली. उलटपक्षी मालसाठ्यात ८,००० व यंत्रसामग्रीत ५,००० रुपयांची घट धरली, संशयित येण्यांसाठी शेकडा ५ प्रमाणे ४,००० रुपये राखले आणि वह्यांत न चढलेले ३,००० रुपयांचे एक देणे नोंदविले. निव्वळ लाभ २०,००० रुपये झाला. तो अ यास १२,००० व ब यास ८,००० असा, आणि राखीव निधी १८,००० व १२,००० असा, दोन्ही ३:२ प्रमाणे गेले. त्याग मात्र निराळा निघतो : अ याचे सहा दशांशांचे पाच झाले व ब याचे चार दशांशांचे तीन, म्हणजे दोघांनीही एकेक दशांश सोडला. म्हणून ख्यातीचे २०,००० रुपये दोघांत १०,००० प्रमाणे समान वाटले. अखेरीस भांडवले २,००,०००, १,४०,००० व ८०,००० रुपये, देणी ६३,००० रुपये आणि ताळेबंदाची बेरीज ४,८३,००० रुपये झाली.

चुका व पडताळा : सर्वांत वारंवार घडणारी चूक म्हणजे ख्यातीही ३:२ ने वाटणे. तसे केल्यास अ यास १२,००० व ब यास ८,००० रुपये मिळून ब याचे २,००० रुपये अकारण जातात, आणि तरीही ताळेबंद जुळतो. तेव्हा ताळेबंद जुळणे हा या चुकीवरचा पडताळा नव्हे. खरा पडताळा असा की, सर्व त्यागांची बेरीज नव्या भागीदाराच्या हिश्श्याइतकी भरली पाहिजे, आणि वाटणीचे प्रमाण त्या त्यागांवरूनच घेतलेले असले पाहिजे. एखाद्या जुन्या भागीदाराचा हिस्सा नव्या करारात वाढला असेल, तर तोही घेणाराच होय व त्यानेही ख्यातीचे मोल भरावयाचे असते.

पुनर्मूल्यांकनाची नोंद अजिबात गाळली, तर वरील २०,००० रुपयांचा लाभ पुढे वसूल होईल तेव्हा तो ५:३:२ ने वाटला जाऊन क यास ४,००० रुपये अनायासे मिळतील आणि अ व ब यांचे प्रत्येकी २,००० रुपये बुडतील. वह्यांतील किमती न बदलता हा अन्याय टाळावयाचा असल्यास क याच्या खात्यावर ४,००० रुपये नावे टाकून अ व ब यांस प्रत्येकी २,००० जमा देतात. येथे त्यागाचेच प्रमाण पुन्हा अवतरते, यावरून ख्याती व पुनर्मूल्यांकन ही एकाच तत्त्वाची दोन रूपे असल्याचे स्पष्ट होते.

ख्याती वह्यांत दाखवावी काय : जुन्या पाठ्यपुस्तकांत संपूर्ण ख्याती जुन्या प्रमाणात जमा करून नव्या प्रमाणात निर्लेखित करण्याची रीत आढळते, तिचा निव्वळ परिणाम वरीलप्रमाणेच होतो. ख्याती कायम मालमत्ता म्हणून ठेवण्याविषयी मात्र मतभेद होते. भारतीय सनदी लेखापाल संस्थेचे लेखामानक २६ पेढीत आपोआप निर्माण झालेली ख्याती मालमत्ता म्हणून नोंदवू देत नाही. क याने ख्यातीची रोकड न आणल्यास ती रक्कम त्याच्या खात्यावर नावे टाकून अ व ब यांस जमा देतात.

अज्ञान व्यक्ती : कलम ३० अन्वये सर्वांच्या संमतीने केवळ लाभापुरती घेता येते.

निवृत्ती : हीच तत्त्वे; त्यागाऐवजी लाभाचे प्रमाण काढतात.