नव्या ईआरपीआधी जुन्या याद्यांची झाडाझडती

खरेदी, विक्री, साठा आणि हिशेब एकाच संगणक प्रणालीत आणण्याचे काम ईआरपी, म्हणजेच एंटरप्राइज रिसोर्स प्लॅनिंग, ही प्रणाली करते. तिच्याकडे वळताना जुन्या प्रणालीतील दोन याद्या प्रामुख्याने न्याव्या लागतात. एक ग्राहकांची आणि दुसरी मालाची. वर्षानुवर्षे निरनिराळ्या हातांनी भरलेल्या या याद्यांत एकच ग्राहक तीन नावांनी आणि एकच वस्तू चार क्रमांकांनी नांदत असते. त्या तशाच उचलून नेल्या, तर पहिल्याच महिन्यात उधारी आणि साठा यांचा ताळमेळ बिघडतो. समजण्यासाठी भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांना बेअरिंग, बोल्ट असा माल पुरविणारी एक काल्पनिक पेढी घेऊ.

एक ग्राहक, तीन खाती

या पेढीच्या यादीत एकाच कारखान्याची तीन खाती आहेत. एकात नावापुढे 'इंजिनिअरिंग वर्क्स' आहे, दुसऱ्यात 'इंजि. वर्क्स' आणि तिसऱ्यात नावाआधी 'मे.' लावलेले आहे. प्रत्येक खात्याला दोन लाख रुपयांची उधारीची मर्यादा दिलेली आहे. पहिल्या खात्यावर १,८०,००० आणि दुसऱ्यावर १,५०,००० रुपये येणे आहे. तिसऱ्यावर ग्राहकाचे २५,००० रुपये आगाऊ जमा आहेत. प्रत्येक खाते मर्यादेत आहे. प्रत्यक्षात मात्र या एका ग्राहकाकडे ३,०५,००० रुपये अडकलेले आहेत.

अशी खाती शोधताना प्रथम नावे एका साच्यात आणतात. जादा मोकळ्या जागा, 'मे.', 'प्रा. लि.' यांची निरनिराळी रूपे काढून टाकली जातात. पत्त्यांनाही हाच नियम लावावा लागतो. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. जुन्या नोंदीत पहिले आणि नव्या नोंदीत दुसरे नाव असेल, तर संगणक ती दोन शहरे समजतो. अशा वेळी पिन कोडवर भिस्त ठेवणे बरे.

नावापेक्षा विश्वासार्ह खूण म्हणजे जीएसटी क्रमांक. तो १५ अक्षरी असतो. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०), पुढील दहा अक्षरे ग्राहकाच्या पॅनची, तर शेवटचे अक्षर आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेले असते. त्यामुळे टंकलेखनातील बहुतेक चुका तेथेच पकडता येतात. नोंदणी आजही चालू आहे की नाही, हे मात्र त्यावरून कळत नाही. ते जीएसटीच्या संकेतस्थळावर पाहावे लागते.

जीएसटी क्रमांक तंतोतंत सारखा असेल, तर ग्राहक एकच. त्याची दोन गोदामे असतील, तर एका खात्याखाली माल पोहोचविण्याचे दोन पत्ते नोंदवावेत. पॅन सारखे पण राज्य वेगळे असेल, तर करासाठी दोन नोंदी स्वतंत्रच ठेवाव्या लागतात. उधारीची मर्यादा मात्र दोघांची मिळून एकच ठरवता येते. ज्या जुन्या नोंदींवर जीएसटी क्रमांकच नाही, तेथे दूरध्वनी आणि पत्ता पाहून वसुलीच्या माणसाला विचारावे लागते. जीएसटी १ जुलै २०१७ रोजी लागू झाला. त्याआधीची कित्येक खाती या गटात निघतात. शंका राहिलीच, तर खाती वेगळी ठेवावीत. राहून गेलेले दुहेरी खाते पुढे जोडता येते. चुकून जोडलेल्या दोन ग्राहकांची बिले मात्र एकमेकांत मिसळली की सोडविणे जिकिरीचे होते.

दिसायला सारखे, कामाला वेगळे

मालाच्या यादीत हा धोका अधिक असतो. ६२०५ हे सर्रास वापरले जाणारे बेअरिंग. त्याचे आतील छिद्र २५ मिलिमीटरचे असते. पेढीच्या यादीत ते असे आढळते:

```
6205 ZZ
BRG 6205-ZZ
6205-2Z
6205 2RS
6205 ZZ C3
```

पहिल्या दोन नोंदी एकाच वस्तूच्या आहेत. तिसरीतील 2Z म्हणजेही दोन्ही बाजूंना धातूची झाकणे. काही उत्पादक ZZ ऐवजी तसे लिहितात. पेढी उत्पादकानुसार साठा ठेवत असेल, तर ही नोंद वेगळी राहील; नसेल, तर ती पहिल्या दोन नोंदींत मिळवता येईल. चौथ्या नोंदीत झाकणे रबराची आहेत. पाचवीतील C3 म्हणजे आतील मोकळीक नेहमीपेक्षा अधिक. या दोन्ही पहिल्या वस्तूत मिसळल्या, तर गिऱ्हाइकाला चुकीचा माल जाईल. अक्षरांच्या साम्यावर जोड्या लावणारे सॉफ्टवेअर अशा नोंदींना एकाच गटात टाकते. त्याची यादी ही केवळ संशयितांची यादी समजावी आणि निर्णय गोदामातील जाणत्या माणसाकडे द्यावा.

नोंदी एक्सेलमधून नेताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. क्रमांकाचा रकाना आधीच 'टेक्स्ट' प्रकारचा केला नाही, तर `00452` चे `452` होते आणि अर्ध्या इंचाचा `1/2` हा आकार तारीख बनून बसतो.

बेरीज जुळूनही चूक

त्यानंतर येते जोडणीची तक्ता-वही. तिच्यात प्रत्येक जुन्या क्रमांकासमोर नवा क्रमांक, नवे एकक, घेतलेला निर्णय आणि तो घेणाऱ्याचे नाव लिहिलेले असते. एककाचा रकाना सर्वांत फसवा. जुन्या यादीत बोल्टचे ४० खोके आहेत, प्रत्येकी १०० नगांचे आणि ३५० रुपयांचे. एकूण किंमत १४,००० रुपये. नव्या प्रणालीत एकक 'नग' ठेवले आणि संख्या मात्र ४० च राहिली, तर साठ्याची किंमत १४,००० च दिसते. हिशेबनीस समाधानी होतो. पण प्रणालीच्या लेखी ४,००० ऐवजी ४० च बोल्ट शिल्लक असतात आणि एका बोल्टचा दर साडेतीन रुपयांऐवजी ३५० रुपये होतो. म्हणून एकूण किमतीबरोबर दर नगाचा दर शेवटच्या खरेदी बिलाशी ताडून पाहावा लागतो.

ग्राहकांच्या बाबतीत येणे रक्कम एकगठ्ठा न नेता बिलागणिक नेतात. अन्यथा कोणते बिल किती जुने, हे कळत नाही. नेल्यावर जुनी आणि नवी बेरीज रुपयापर्यंत जुळली पाहिजे. आपल्या उदाहरणातील ग्राहकाची बेरीज ३,०५,००० ऐवजी ३,५५,००० आली, तर फरक ५०,००० चा, म्हणजे आगाऊ रकमेच्या नेमका दुप्पट. जमेची रक्कम येणे म्हणून धरली गेली, याची ही खूण. फरकाचा निम्मा आकडा खात्यांत शोधणे ही हिशेबनिसांची जुनी युक्ती येथेही उपयोगी पडते.

रंगीत तालीम

ही सारी पडताळणी प्रत्यक्ष बदलाच्या दिवशी प्रथमच करणे धोक्याचे. आधी किमान दोनदा संपूर्ण माहिती चाचणी प्रणालीत भरून पाहावी. सापडलेल्या चुका तक्ता-वहीत किंवा जुन्या प्रणालीत दुरुस्त कराव्यात. चाचणीच्या प्रतीत केलेली दुरुस्ती पुढच्या वेळी पुसली जाते. अखेरच्या तालमीपासून जुन्या प्रणालीत नवे खाते किंवा नवा मालक्रमांक उघडणे बंद ठेवावे. उघडावाच लागला, तर त्याच दिवशी तो वहीत चढवावा.

काम संपल्यावरही ती वही जपावी लागते. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने ठेवणे बंधनकारक आहे. त्या काळात करअधिकाऱ्याने किंवा गिऱ्हाइकाने जुने बिल पुढे केले, तर त्यावरील क्रमांक आज कोणत्या खात्याचा आणि कोणत्या मालाचा, याचे उत्तर या एकाच वहीत सापडते.