क्वांटम टनेलिंग

क्वांटम टनेलिंग किंवा पुंज बोगदा परिणाम ही पुंजयामिकीतील एक घटना आहे. एखाद्या कणाची एकूण ऊर्जा त्याच्या मार्गातील विभव-अडथळ्याच्या उंचीपेक्षा कमी असली, तरी तो कण अडथळ्याच्या पलीकडे आढळण्याची काही संभाव्यता असते. अभिजात यामिकीनुसार असा कण अडथळ्यावरून परत फिरलाच पाहिजे. पलीकडे जाण्याची संभाव्यता अडथळ्याच्या जाडीनुसार घातांकी पद्धतीने घटते. त्यामुळे नॅनोमीटरच्या अंशाएवढ्या फरकानेही ही घटना नगण्य किंवा निर्णायक ठरू शकते. क्रमवीक्षण टनेलिंग सूक्ष्मदर्शक, ट्रान्झिस्टरच्या गेटमधील गळती आणि फ्लॅश स्मृती या तिन्हींचे वर्तन याच नियमावर अवलंबून आहे.

## इतिहास

फ्रीडरिश हुंड यांनी १९२७ मध्ये रेणूंच्या अभ्यासात या परिणामाची दखल घेतली. १९२८ मध्ये जॉर्ज गॅमो यांनी, तसेच स्वतंत्रपणे रोनाल्ड गर्नी व एडवर्ड कॉन्डन यांनी, अणुकेंद्रकातून अल्फा कण बाहेर पडण्याचे स्पष्टीकरण टनेलिंगच्या आधारे दिले. त्याच वर्षी राल्फ फाउलर आणि लोथार नॉर्डहाइम यांनी तीव्र विद्युतक्षेत्रात थंड धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडण्याचा सिद्धांत मांडला. लिओ एसाकी यांनी १९५७ मध्ये अर्धवाहक डायोडमध्ये टनेलिंग दाखवून दिले. त्यासाठी त्यांना १९७३ च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

## स्वरूप

पुंजयामिकीत कणाचे वर्णन तरंगफलनाने केले जाते. कणाची ऊर्जा E आणि अडथळ्याची उंची V₀ असून E < V₀ असेल, तर श्रोडिंगर समीकरणानुसार अडथळ्याच्या आत तरंगफलन एकाएकी शून्य होत नाही. ते आंदोलित होणे थांबते आणि अंतरानुसार घातांकी पद्धतीने क्षीण होत जाते. अडथळा संपतो त्या ठिकाणी त्याचा काही अंश शिल्लक असल्यास तेथून पुढे ते पुन्हा तरंगरूपात पसरते. हा शिल्लक अंश कण पलीकडे सापडण्याची संभाव्यता ठरवतो.

या प्रक्रियेत कण अडथळ्यात ऊर्जा गमावत नाही. अडथळ्याच्या दोन्ही बाजूंस स्थितिज ऊर्जा सारखीच असल्यास पलीकडे आढळणाऱ्या कणाची ऊर्जा मूळ ऊर्जेइतकीच असते. अडथळ्यामुळे पार होणाऱ्या कणांची संख्या घटते, प्रत्येक कणाची ऊर्जा घटत नाही.

## पारगमन गुणांक

अडथळ्यावर येणाऱ्या कणांपैकी पार होणाऱ्या कणांच्या प्रमाणास पारगमन गुणांक म्हणतात. तो T ने दर्शवतात. उंची V₀ आणि जाडी d असलेल्या आयताकृती अडथळ्यासाठी, अडथळा पुरेसा जाड असल्यास,

T ≈ [16E(V₀ − E)/V₀²] · e^(−2κd), κ = √(2m(V₀ − E))/ħ

येथे m हे कणाचे वस्तुमान आहे. कंसातील गुणक सामान्यतः एकाच्या आसपास असतो, त्यामुळे T ची किंमत मुख्यतः घातांक ठरवतो. घातांकात जाडी थेट येते, तर उणी पडणारी ऊर्जा (V₀ − E) आणि वस्तुमान हे वर्गमुळाखाली येतात. म्हणून जाडी दुप्पट केल्यास घातांक दुप्पट होतो, पण तोच परिणाम उंचीने साधायचा तर उणी पडणारी ऊर्जा चौपट करावी लागते.

### संख्यात्मक उदाहरण

इलेक्ट्रॉनची ऊर्जा १ इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि अडथळ्याची उंची ५ इलेक्ट्रॉनव्होल्ट असल्यास ४ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा उणी पडते. तेव्हा κ चे मूल्य दर नॅनोमीटरला सुमारे १०.२५ येते, म्हणजे अडथळ्याच्या आत तरंगफलन साधारण दर ०.१ नॅनोमीटरला २.७ पटीने घटते. कंसातील गुणक २.५६ आहे.

अडथळा ०.५ नॅनोमीटर जाड असल्यास सुमारे ११,००० इलेक्ट्रॉनांपैकी एक पार होतो. जाडी १ नॅनोमीटर केल्यास हे प्रमाण सुमारे ३१ कोटींत एक इतके खाली येते. जाडी दुप्पट झाली, पण पारगमन सुमारे २८,००० पटीने घटले.

याच ०.५ नॅनोमीटर अडथळ्यावर इलेक्ट्रॉनऐवजी प्रोटॉन आला, तर वस्तुमान सुमारे १,८३६ पट असल्याने κ सुमारे ४३ पट होतो. मग T च्या मूल्यात दशांश चिन्हानंतर १९० शून्ये येतात. रोजच्या व्यवहारातील वस्तूंच्या बाबतीत टनेलिंग का दिसत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

### इतर आकारांचे अडथळे

प्रत्यक्षातील अडथळे क्वचितच आयताकृती असतात. अडथळ्याची उंची ठिकाणानुसार हळूहळू बदलत असल्यास घातांकातील 2κd ऐवजी संपूर्ण वर्ज्य प्रदेशावरील κ चे संकलन घेतात:

T ≈ exp(−2∫κ(x) dx)

अडथळ्यावर तीव्र विद्युतक्षेत्र लावल्यास त्याचा माथा एका बाजूस कलतो आणि आयताचा त्रिकोण होतो. थराची प्रत्यक्ष जाडी तीच राहते, पण इलेक्ट्रॉनला पार करावी लागणारी जाडी कमी होते. अशा टनेलिंगला फाउलर-नॉर्डहाइम टनेलिंग म्हणतात.

## उपकरणांतील महत्त्व

### क्रमवीक्षण टनेलिंग सूक्ष्मदर्शक

गेर्ड बिनिग आणि हाइनरिश रोरर यांनी झुरिक येथील आयबीएमच्या प्रयोगशाळेत १९८१ मध्ये हे उपकरण घडवले. त्यासाठी १९८६ च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. यात धातूचे अतिशय टोकदार अग्र वाहक पृष्ठभागापासून नॅनोमीटरहून कमी अंतरावर आणले जाते. मधली पोकळी हाच अडथळा असतो. त्याची उंची सुमारे ४ इलेक्ट्रॉनव्होल्ट धरल्यास अंतर ०.१ नॅनोमीटरने वाढताच विद्युतधारा सुमारे आठ पटीने घटते. म्हणून धारा २ टक्क्यांच्या आत स्थिर राखली की अग्राची उंची सुमारे ०.००१ नॅनोमीटरपर्यंत नियंत्रित होते. अग्र पृष्ठभागावरून फिरत असताना धारा स्थिर ठेवण्यासाठी ते किती वरखाली करावे लागले, याची नोंद म्हणजेच पृष्ठभागाची प्रतिमा.

या प्रतिमेत अणूंचा आकार थेट दिसत नाही. त्या जागी त्या ऊर्जेला किती इलेक्ट्रॉन-अवस्था उपलब्ध आहेत, हेही धारेवर परिणाम करते. त्यामुळे धातूवर बसलेला ऑक्सिजनचा अणू उंचवट्याऐवजी खळग्यासारखा दिसू शकतो.

### ट्रान्झिस्टरच्या गेटमधील गळती

मॉस ट्रान्झिस्टरमध्ये गेट आणि सिलिकॉन यांच्यामध्ये विद्युतरोधक थर असतो. अनेक दशके हा थर सिलिकॉन डायऑक्साइडचा होता. ट्रान्झिस्टर लहान करताना गेटचा प्रभाव टिकवण्यासाठी हा थर पातळ करत न्यावा लागला आणि २००० नंतरच्या दशकात तो सुमारे १.२ नॅनोमीटरपर्यंत आला.

सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉनसाठी या थराचा अडथळा सुमारे ३.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट उंच आहे. थरातील इलेक्ट्रॉनचे प्रभावी वस्तुमान मुक्त इलेक्ट्रॉनच्या सुमारे ०.४२ पट धरल्यास κ दर नॅनोमीटरला सुमारे ५.८ येतो. म्हणजे थर ०.२ नॅनोमीटरने पातळ केल्यास टनेलिंगची धारा साधारण दहा पटीने वाढते. ट्रान्झिस्टर बंद असतानाही ही धारा वाहत राहते आणि ऊर्जा वाया जाते.

यावर उपाय म्हणून हाफनियमयुक्त ऑक्साइड वापरले गेले. इंटेलने २००७ मध्ये आपल्या ४५ नॅनोमीटर श्रेणीच्या प्रक्रियकांत ते आणले. सिलिकॉन डायऑक्साइडचा परावैद्युत स्थिरांक ३.९ आहे, तर हाफनियम ऑक्साइडचा २० च्या आसपास आहे. त्यामुळे विद्युतधारिता तेवढीच ठेवून थर सुमारे पाचपट जाड करता येतो. मात्र हाफनियम ऑक्साइडचा अडथळा बुटका, सुमारे १.५ इलेक्ट्रॉनव्होल्टचा असतो. वस्तुमानातील फरक बाजूला ठेवला, तर घातांक पाचपटीऐवजी सुमारे साडेतीन पटच वाढतो. म्हणून गेटसाठी पदार्थ निवडताना परावैद्युत स्थिरांकाबरोबर अडथळ्याची उंचीही पाहावी लागते.

### फ्लॅश स्मृती

फ्लॅश स्मृतीच्या पेशीत चारही बाजूंनी विद्युतरोधकाने वेढलेले फ्लोटिंग गेट असते. त्यात साठवलेल्या इलेक्ट्रॉनांवरून नोंद ठरते. सिलिकॉन आणि फ्लोटिंग गेट यांच्यामध्ये सुमारे ८ नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइड थर असतो. या एकाच थराने लिहिताना इलेक्ट्रॉनांना वाट द्यायची असते आणि नंतर वर्षानुवर्षे त्यांना अडवून ठेवायचे असते.

नँड प्रकारच्या पेशीत लिहिताना नियंत्रक गेटवर साधारण १५ ते २० व्होल्टचा दाब देतात. त्यामुळे थरात दर नॅनोमीटरला सुमारे १ व्होल्ट इतके क्षेत्र निर्माण होते. ३.१ इलेक्ट्रॉनव्होल्टचा अडथळा त्रिकोणी होतो आणि इलेक्ट्रॉनला ८ ऐवजी सुमारे ३.१ नॅनोमीटरच पार करावे लागतात. वरील प्रभावी वस्तुमान घेतल्यास घातांक सुमारे −२४ येतो. दाब काढून घेतल्यावर अडथळा पुन्हा ८ नॅनोमीटरचा होतो आणि घातांक −९३ च्या आसपास जातो. दोन्ही स्थितींतील पारगमनाचे गुणोत्तर एकावर तीस शून्ये इतके मोठे आहे. म्हणूनच क्षणार्धात लिहिलेली नोंद अनेक वर्षे टिकते.

ही गणना निर्दोष थरास लागू पडते. प्रत्येक लेखन आणि पुसण्याच्या वेळी तीव्र क्षेत्रामुळे थरात सूक्ष्म दोष निर्माण होतात. थराच्या मध्यावर दोष असल्यास इलेक्ट्रॉन प्रथम त्या दोषापर्यंत आणि मग तेथून पुढे टनेल करतो. ८ नॅनोमीटरच्या एका अडथळ्याचे ४ नॅनोमीटरचे दोन अडथळे होतात आणि गळती प्रचंड वाढते. वारंवार लिहिलेल्या पेशी नोंद लवकर गमावतात, त्यामागे हे एक प्रमुख कारण आहे. फ्लोटिंग गेट वाहक असल्याने अशी एक वाटही संपूर्ण साठा रिकामा करू शकते. त्याऐवजी सिलिकॉन नायट्राइडसारख्या विद्युतरोधक थरात इलेक्ट्रॉन अडकवून ठेवल्यास दोषाजवळचेच इलेक्ट्रॉन निसटतात.

## टनेलिंगची ओळख

पातळ थरातून वाहणारी प्रत्येक धारा टनेलिंगची नसते. उष्णतेने पुरेशी ऊर्जा मिळालेले इलेक्ट्रॉन अडथळ्यावरूनही जातात. दोन्हींतील फरक तापमान बदलून ओळखता येतो. अडथळ्यावरून जाणारी धारा नमुना थंड केल्यास झपाट्याने घटते, तर थेट टनेलिंगची धारा जवळजवळ तशीच राहते. दोषांमार्फत होणाऱ्या टनेलिंगची धारा तापमानानुसार काही प्रमाणात बदलते.

फाउलर-नॉर्डहाइम टनेलिंगसाठी आणखी एक कसोटी आहे. धारा I आणि विभवांतर V मोजून ln(I/V²) आणि 1/V यांचा आलेख काढल्यास सरळ रेषा मिळते. प्रभावी वस्तुमान माहीत असल्यास या रेषेच्या उतारावरून अडथळ्याची उंची काढता येते. कमी विभवांतरास धारा या रेषेपेक्षा बरीच जास्त भरल्यास थरात दोष असण्याची शक्यता तपासली जाते.