सुक्या फळांवरील पांढरा थर: साखर, बुरशी की कीड?
छायाचित्रावरून पारख कशी करावी

खजुराची पेटी काही महिन्यांनी उघडली, अथवा डब्यातील अंजिराची माळ बाहेर काढली, की फळांवर पांढरट थर किंवा ठिपके दिसतात. बेदाण्यांवरही कधी कधी अशीच भुकटी जमलेली असते. हा थर बहुधा फळाच्याच साखरेचा असतो. मात्र काही वेळा ती बुरशी असते, तर काही वेळा किडीने मागे ठेवलेले जाळे. तिन्हींचा रंग जवळपास एकच असल्याने चांगली फळे फेकून दिली जातात आणि वाईट फळे खाल्ली जातात. भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्याने जवळून घेतलेले छायाचित्र ही पारख बरीच सोपी करते. पण त्याची मर्यादा आधीच लक्षात घ्यावयास हवी. छायाचित्रावरून फळ बाद ठरविता येते; ते निर्दोष असल्याची खात्री मात्र छायाचित्र देऊ शकत नाही.

छायाचित्र कसे घ्यावे

कॅमेऱ्याचा फ्लॅश वापरू नये. समोरून पडणाऱ्या झगझगीत प्रकाशात पृष्ठभागाचा उंचसखलपणा नाहीसा होतो आणि साखर व बुरशी सारखीच दिसू लागतात. फळ खिडकीजवळ ठेवून एका बाजूने तिरपा प्रकाश पडू द्यावा. खाली पांढरा कागद ठेवल्यास रंग खरे दिसतात. पिवळ्या दिव्याखाली हिरवट बुरशी करडी किंवा तपकिरी भासते. चौकटीत मिलिमीटरच्या खुणा असलेली मोजपट्टी ठेवावी, कारण आकाराशिवाय कण आणि कीटक यांतील फरक सांगता येत नाही.

प्रत्येक फळाची किमान तीन छायाचित्रे घ्यावीत: पहिले पृष्ठभागाचे, दुसरे देठाच्या किंवा छिद्राच्या टोकाचे आणि तिसरे फळ उभे चिरून आतील भागाचे. ही छायाचित्रे दुसऱ्या कोणाला दाखवावयाची असल्यास मूळ फाइल पाठवावी. संदेशसेवेतून पाठविताना चित्राचा आकार कमी केला जातो आणि अशा वेळी सर्वांत आधी बारीक धागे पुसले जातात. किडीचा पुरावा नेमका त्याच धाग्यांत असतो.

साखरेची लक्षणे

साखरेच्या स्फटिकांना कडा असतात. तिरप्या प्रकाशात त्यांतील काही कण चमकतात आणि फळ किंचित फिरविले की चमकणारे कण बदलतात. अंजिरावर ही साखर पिठासारखी पसरते, सुरकुत्यांच्या उंचवट्यांवर अधिक दिसते आणि एका डब्यातील बहुतेक फळांवर कमीअधिक प्रमाणात आढळते. बेदाण्यांत ती सालीवर किंवा सालीखाली कणांच्या रूपाने जमते व दाताखाली कचकच लागते.

खजुराच्या बाबतीत जात महत्त्वाची ठरते. खाद्यपदार्थांची आंतरराष्ट्रीय मानके ठरविणाऱ्या कोडेक्सच्या मानकात खजुराचे दोन गट मानले आहेत. डेग्लेट नूरसारख्या जातींत उसात असते तीच साखर प्रामुख्याने असते, तर मेजूल, बर्ही, झाहिदी अशा जातींत ग्लुकोज व फ्रुक्टोज या साखरा असतात. सालीखाली फिकट ठिपके पडण्याचा प्रकार मुख्यतः दुसऱ्या गटातील मऊ खजुरात होतो. साठवणुकीचा काळ आणि तापमान वाढेल तसे हे ठिपके वाढतात. फळ हलके गरम केल्यास ते विरघळतात, परंतु पुन्हा येऊ शकतात. चवीत फरक पडत नाही आणि अपायही होत नाही.

येथे आणखी एक फसगत संभवते. खजुराची साल गरापासून सुटून फुगली, की आतील हवेमुळे तो भाग फिकट दिसतो. असा भाग बोटाने दाबल्यास खाली बसतो. साखरेचा ठिपका मात्र बोटाला कडक लागतो.

शंका असल्यास पाण्याचा एक थेंब उपयोगी पडतो. पांढऱ्या भागावर कोमट पाण्याचा थेंब ठेवावा आणि आधीचे व पाच मिनिटांनंतरचे छायाचित्र एकाच कोनातून घ्यावे. साखर विरघळून खालची साल स्पष्ट दिसू लागते. बुरशीचे तंतू ओले होऊन चिकटतात, पण नाहीसे होत नाहीत.

बुरशीची लक्षणे

बुरशी चमकत नाही. ती निस्तेज, कापसासारखी किंवा मखमलीसारखी दिसते आणि तिरप्या प्रकाशात पृष्ठभागापासून थोडी वर उठलेली आढळते. ती सर्व फळांवर सारखी पसरत नाही. जेथे ओलावा शिरला तेथून, म्हणजे देठ, भेग किंवा दोन फळे चिकटलेल्या जागेपासून, गोलाकार वाढते. पांढऱ्या कडेच्या आत हिरवा, करडा किंवा काळा रंग दिसू लागला, तर शंकेला जागा उरत नाही.

मात्र अंजिराची बुरशी अनेकदा बाहेरून दिसतच नाही. देठाच्या विरुद्ध टोकाला असलेल्या छिद्रातून ती आत शिरते. सुक्या फळांवरील भुंगेरे बागेतच या छिद्रातून जाताना बुरशीचे बीजाणू व यीस्ट आत नेतात. ॲस्परजिलस नायजर या बुरशीने ग्रासलेले अंजीर चिरल्यावर आत काजळीसारखी काळी भुकटी आढळते. ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी यकृताच्या कर्करोगास कारण ठरणारे अफ्लाटॉक्सिन हे विष निर्माण करू शकते. हे विष रंगहीन असते व घरगुती शिजविण्याने नष्ट होत नाही. म्हणून बुरशीचा भाग कापून उरलेले फळ खाणे योग्य नव्हे.

तुर्कस्तानातील अंजीर उद्योगात यासाठी फळे अंधाऱ्या खोलीत अतिनील प्रकाशाखाली निवडली जातात. सुमारे 360 नॅनोमीटरच्या प्रकाशात हिरवट पिवळी चमक देणारी अंजिरे बाजूला काढली जातात. ही चमक विषाची शंका दर्शविते, विषाचे प्रमाण सांगत नाही. ते प्रयोगशाळेतच मोजावे लागते. साध्या छायाचित्रात तर ही चमकही उमटत नाही.

साखर आणि बुरशी यांच्या सीमेवर यीस्टचा थर येतो. अतिशय गोड पदार्थात तग धरणारे यीस्ट अंजिरावर साखरेसारखाच पांढरा लेप तयार करू शकते. छायाचित्रात तो साखरेत मिसळून जातो. येथे नाकावर विसंबावे: आंबूस किंवा दारूसारखा वास आल्यास फळ बाद समजावे.

किडीची लक्षणे

छायाचित्रात अळी सापडलीच पाहिजे असे नाही. तिच्या खुणा अधिक वेळा सापडतात. साठवलेल्या धान्यावर व सुक्या मेव्यावर वाढणाऱ्या पतंगाची अळी फिरते तेथे बारीक रेशमी धागे सोडते आणि त्या धाग्यांत तिच्या विष्ठेचे बारीक दाणे अडकतात. बेदाण्यांचे पुंजके जाळीने एकमेकांना बांधलेले दिसणे ही याची ठळक खूण होय. साखरेमुळे चिकटलेले बेदाणे सुटे करताना धागा ताणला जात नाही. जाळीतील बेदाणे ओढले की मधे धागे दिसतात.

दातेरी कडांचा भुंगेरा सुमारे 3 मिलिमीटर लांबीचा, चपटा व तांबूस तपकिरी असतो. मोजपट्टी नसल्यास छायाचित्रात तो देठाचा तुकडा वाटतो. माइट नावाचे सूक्ष्म जीव त्याहून लहान, साधारण अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असतात आणि फिकट धुळीसारखे दिसतात. त्यांच्यासाठी कॅमेरा न हलविता दहा मिनिटांच्या अंतराने दोन छायाचित्रे घ्यावीत. धुळीचे कण जागेवर राहतात, माइट जागा बदलतात.

खजुराचा दोष बहुधा बी भोवतीच्या पोकळीत असतो. चिरल्यावर तेथे काळपट दाणे व धागे आढळल्यास ती कीड होय. अंजिरात मात्र बियांमुळे गोंधळ होतो. अंजिराच्या बिया सोनेरी, गोलसर व एकसारख्या असून गरात रुतलेल्या असतात; विष्ठेचे दाणे गडद, ओबडधोबड आणि पोकळीत सुटे किंवा धाग्यांत गुंतलेले असतात.

एक उदाहरण

समजा, दोन महिन्यांपूर्वी आणलेल्या माळेत 12 अंजिरे आहेत आणि सर्वांवर पांढरी भुकटी आहे. खिडकीजवळ घेतलेल्या छायाचित्रात ही भुकटी चमकते, ती सर्व फळांवर सारखी आहे आणि पाण्याच्या थेंबाखाली विरघळते. इथवरचा निष्कर्ष साखर असाच निघतो व तो बरोबरही आहे.

परंतु दुसऱ्या छायाचित्रात दोन अंजिरे जेथे एकमेकांना टेकली आहेत तेथे न विरघळलेला पांढरा पट्टा उरतो. चित्र मोठे करून पाहता तो धाग्यांचा असून त्यात गडद दाणे दिसतात. ती दोन्ही फळे किडकी ठरतात. उरलेली 10 चिरल्यावर नऊ आतून स्वच्छ, मधाच्या रंगाची निघतात. दहाव्यात काळी भुकटी आढळते. बाहेरून ते फळ इतर नऊंपेक्षा कोणत्याही प्रकारे वेगळे नव्हते.

ही तीन फळे फेकून द्यावीत. उरलेली नऊ छायाचित्रातील कसोट्यांवर उतरली, इतकेच म्हणता येते. ज्या माळेत एक बुरशीचे फळ निघाले, त्या माळेतील इतर फळे लहान मुलांना देऊ नयेत. संपूर्ण माळच बाद करणे अधिक सुरक्षित होय. डबा गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा. त्याच कपाटातील इतर सुका मेवा तपासावा. तो स्वच्छ दिसल्यास उणे 18 अंश सेल्सिअस तापमानात चार दिवस ठेवावा, म्हणजे न दिसलेली अंडी व अळ्या मरतात. या थंडीने कीड मरते. बुरशी व तिचे विष मात्र नष्ट होत नाही.

दुकानदाराकडे तक्रार करावयाची असल्यास फळे टाकण्यापूर्वी वेष्टनावरील तुकडी क्रमांक व तारखेचेही छायाचित्र घेऊन ठेवावे. पांढरा थर साखरेचा ठरला, तर त्यातून केवळ फळाची बाहेरची बाजू ठीक असल्याचे कळते. आतील बाजूची साक्ष फळ चिरल्यावरच मिळते.