प्रकरणं किती, यापेक्षा कशासाठी

केस स्टडीवर आधारलेल्या प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत एक प्रश्न हमखास येतो: "पाचच प्रकरणं का घेतली?" विद्यार्थी मग नमुना निवडीच्या भाषेत बोलू लागतो आणि अडकतो, कारण पाचांवरून टक्केवारी काढता येत नाही. या प्रश्नाचं खरं उत्तर प्रयोगशाळेतून आलेलं आहे.

रॉबर्ट यिन हे मूळचे प्रायोगिक मानसशास्त्राचे. उलटे धरलेले चेहरे ओळखणं माणसाला इतकं जड का जातं, यावरचा त्यांचा 1969 चा शोधनिबंध आजही वाचला जातो. पुढे ते केस स्टडीकडे वळले. 1984 साली त्यांचं या पद्धतीवरचं पुस्तक आलं. त्यात त्यांनी प्रत्येक प्रकरणाला सर्वेक्षणातला एक उत्तरदाता न मानता एक स्वतंत्र प्रयोग मानलं. एकेका व्यक्तीवर प्रयोग करणाऱ्या हर्सन आणि बार्लो यांच्या 1976 च्या ग्रंथाचा आधार त्यांनी घेतला. प्रयोग पुन्हा करायचा तो दोन हेतूंनी. तोच निकाल येईल असं भाकीत असेल, तर ती शब्दशः पुनरावृत्ती. निकाल वेगळा येईल आणि का येईल हेही आधीच सांगता येत असेल, तर ती सैद्धांतिक पुनरावृत्ती.

यिन यांचंच उदाहरण घेऊ. विधान असं: शालेय प्रशासन आणि अध्यापन या दोन्हींसाठी संगणक वापरात असतील, तरच शालेय जिल्ह्यात त्यांचा वापर वाढतो. मग दोन्ही उपयोग असलेले तीन-चार जिल्हे निवडायचे. तिथे वाढ दिसायला हवी. पुढचे तीन-चार फक्त प्रशासकीय वापराचे. तिथे वाढ अपेक्षित नाही. शेवटचे तीन-चार फक्त अध्यापनाचे. तिथेही वाढ होऊ नये, पण वेगळ्या कारणाने. समजा, फक्त प्रशासकीय वापर असेल तिथे यंत्रं कचेरीतच राहतात आणि फक्त अध्यापनाचा असेल तिथे खर्चाला कचेरीचा पाठिंबा नसतो. अशी नऊ ते बारा प्रकरणं भाकितांप्रमाणे निघाली, तर विधानाला भक्कम आधार मिळतो.

या पद्धतीची कसोटी 'का' या शब्दात आहे, असं मला वाटतं. एक शहरी शाळा, एक ग्रामीण, एक आदिवासी पाड्यावरची, अशी विविधता म्हणून केलेली निवड सैद्धांतिक पुनरावृत्ती ठरत नाही. शहरीपणामुळे निकाल कसा बदलेल, हे क्षेत्रकार्याआधी लिहिलेलं असावं लागतं. निकाल पाहून जोडलेलं कारण सहज ओळखू येतं: संशोधन आराखड्यात त्याचा मागमूस नसतो, निष्कर्षाच्या भागात मात्र ते ठळक असतं.

आणि भाकीत फसलं तर? फक्त प्रशासकीय वापराच्या जिल्ह्यातही वाढ दिसली, तर त्या जिल्ह्याला अपवाद म्हणून बाजूला सारता येत नाही. मूळ विधानच सुधारावं लागतं, आणि सुधारलेलं विधान त्याच जिल्ह्यांवर न तपासता नव्याने निवडलेल्या जिल्ह्यांवर तपासावं लागतं.