न बोलणाऱ्या नायकाचं मन कानांपर्यंत कसं पोचवायचं? ॲनिमेशनमधलं फोली आणि संगीत

लॅटव्हियाचा दिग्दर्शक गिंट्स झिल्बालोडिस याचा 'फ्लो' (2024) हा ॲनिमेशनपट पाहिला असेल, तर एक गोष्ट लक्षात आली असेल. त्यातलं मांजर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक शब्दही बोलत नाही. निवेदन नाही, सबटायटल नाही. तरी ते कधी घाबरलंय आणि कधी रुसलंय, हे आपल्याला लगेच कळतं. ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये बनलेल्या या चित्रपटाला 2025 मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचा ऑस्कर मिळाला.

मांजराचं मन कळण्यामागे चित्रांइतकाच आवाजाचाही हात आहे. हे आवाज एकमेकांवर कसे रचतात, ते या लेखात पाहू.

फोली म्हणजे काय?

पडद्यावरची हालचाल बघत बघत स्टुडिओत मुद्दाम काढलेले आवाज म्हणजे फोली. पावलं, कपड्यांची सळसळ, भांडं ठेवल्याचा आवाज, असं सगळं त्यात येतं. हॉलिवूडमधल्या जॅक फोली यांच्यावरून हे नाव पडलं.

साध्या चित्रपटात शूटिंगच्या वेळी थोडाफार आवाज रेकॉर्ड झालेला असतो. ॲनिमेशनमध्ये तसं काहीच नसतं, सुरुवात पूर्ण शांततेतून होते. म्हणजे ऐकू येणारा प्रत्येक आवाज कुणीतरी ठरवून ठेवलेला असतो.

आणि तो 'खरा' असायलाच हवा असंही नाही. 'फ्लो'मध्ये प्राण्यांसाठी खऱ्या प्राण्यांचेच आवाज वापरलेत, पण कॅपिबाराला मात्र उंटाच्या पिल्लाचा आवाज दिलाय. खऱ्या कॅपिबाराचा आवाज त्या शांत, आळशी पात्राला शोभत नव्हता. प्राणी कोणता यापेक्षा स्वभाव कोणता, हे इथे महत्त्वाचं ठरलं.

चार थर, चार कामं

1. परिसराचा आवाज: वारा, पाणी, लांबची गर्दी. आपण कुठे आहोत ते हा थर सांगतो.
2. शरीराचा आवाज: श्वास, पावलं, नखं, गळ्यातली साखळी. नायक बोलत नसला की हाच थर त्याचा 'संवाद' होतो.
3. वस्तूंचा आवाज: दार, गाडी, पडलेला डबा. बाहेर काय घडतंय ते यातून कळतं.
4. संगीत: घडलेल्या गोष्टीचा अर्थ काय, हे ते सांगतं.

संवाद असलेल्या चित्रपटात साधारण 1 ते 4 किलोहर्ट्झचा पट्टा बोलण्यासाठी मोकळा ठेवतात, कारण शब्दांची स्पष्टता तिथे असते. संवाद नसला की ही जागा रिकामी होते, आणि बरेच जण ती संगीताने भरून टाकतात. मग श्वास आणि नखांचे बारीक आवाज त्याखाली दबतात आणि नायक खरोखरच मुका होतो. ती जागा दुसऱ्या थराला द्या. संगीताच्या ट्रॅकवर इक्वलायझरने 2 ते 4 किलोहर्ट्झच्या आसपास 3 डेसिबल कमी केले, तरी फरक जाणवतो.

एक प्रसंग रचून बघू

समजा, तुमच्या लघुपटाचा नायक एक कुत्रा आहे. त्याचे म्हातारे मालक गावाला गेलेत आणि तो एसटी स्टँडवर त्यांची वाट बघतोय. प्रसंग 20 सेकंदांचा, म्हणजे 24 फ्रेमच्या हिशोबाने 480 फ्रेम.

पहिली तयारी या प्रसंगाच्या आधीच करायची. मालकांची एक चप्पल थोडी फरफटते, असा आवाज ठरवा आणि आधीच्या दोन-तीन प्रसंगांत ते दिसत असतानाच ऐकवा. आता हा आवाज प्रेक्षकाच्या डोक्यात त्यांचं नाव झाला.

0 ते 6 सेकंद: लांबवर एसटीचं इंजिन, अस्पष्ट घोषणा. जवळून कुत्र्याचा श्वास. संगीत नाही.

6 वे सेकंद: पडद्याबाहेरून फरफटत येणारी चप्पल. कुत्र्याचा कान लगेच नाही, 6 फ्रेमनंतर उभा राहतो. हा पाव सेकंद म्हणजे त्याने ऐकलं आणि ओळखलं. कान उठताच श्वास थांबवा आणि पुढच्या एका सेकंदात परिसराचा आवाज 4 डेसिबलने खाली आणा. आता आपण त्याच्या कानांनी ऐकतोय.

12 वे सेकंद: पाय फ्रेममध्ये येतात. कुणी दुसरंच आहे. चप्पल पुढे निघून जाते, परिसराचा आवाज हळूहळू परत येतो.

14 वे सेकंद: कुत्रा खाली बसतो. फरशीवर नखं, साखळीची किणकिण, आणि दीड सेकंदाने एक लांब उच्छ्वास. नखांसाठी सुती हातमोज्याच्या बोटांना कागदाच्या क्लिपा चिकटवून फरशीवर हलकेच टेकवा. नुसत्या बोटांनी पंजाची धप येते, नखांची टकटक येत नाही.

16.5 वे सेकंद: आता पहिल्यांदा संगीत. मालकांसोबतच्या प्रसंगांत वाजलेल्या धूनचे फक्त पहिले दोन स्वर. तिसरा येत नाही.

संगीत इतक्या उशिरा का? सहाव्या सेकंदाला आशेची धून लावली असती, तर कुत्र्याआधी संगीतानेच आशा धरली असती. प्रेक्षकाला स्वतः काही ओळखायला उरलं नसतं. आधी शरीराचा आवाज, मग थोडी जागा, मग संगीत, हा क्रम इथे काम करतो.

कुठे बिघडतं आणि ते कसं ओळखायचं?

*प्रत्येक हालचालीवर संगीताचा ठेका पडणे.* याला मिकी-माउसिंग म्हणतात. विनोदात मजा येते, पण दुःखाचं यात कार्टून होतं. संगीताचा ट्रॅक एकटा ऐका. डोळे मिटूनही पाऊल कधी पडलं ते कळत असेल, तर संगीत फोलीचं काम करतंय.

*पावलं यांत्रिक वाटणे.* एकच रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा चिकटवलं की असं होतं. संपूर्ण चाल एका दमात, चित्र बघत रेकॉर्ड करा. थकलेलं पाऊल आणि उत्सुक पाऊल यांच्यातला फरक हातातच येतो.

*फोली चित्राला चिकटत नाही.* आवाज दोन-तीन फ्रेम पुढे-मागे आहे का ते आधी तपासा. वेळ बरोबर असेल तर जागा चुकलीय: खोलीत कोरडा रेकॉर्ड केलेला आवाज उघड्या स्टँडवर वेगळाच उठून दिसतो. सगळ्या फोलीला त्या जागेचा थोडा, एकसारखा रिव्हर्ब द्या.

*शांतता म्हणजे बिघाड वाटणे.* आवाज पूर्ण शून्यावर नेला, तर स्पीकर बंद पडला की काय असं प्रेक्षकाला वाटतं. परिसराचा अगदी बारीक थर नेहमी चालू ठेवा.

शेवटची चाचणी सोपी आहे. संगीत म्यूट करून प्रसंग अशा माणसाला दाखवा, ज्याला गोष्ट माहीत नाही. कुत्र्याला काय वाटलं ते त्याने सांगितलं, तर फोली बरोबर आहे. मग संगीत चालू करून तोच प्रसंग मोबाइलच्या स्पीकरवर दाखवा. लघुपट बहुतेक तिथेच बघितले जातात आणि तो उच्छ्वास हरवायची शक्यताही तिथेच जास्त. हरवला, तर उच्छ्वास वाढवण्याआधी त्या क्षणी परिसराचा आवाज 2-3 डेसिबल उतरवून बघा.